सहावा स्लॅब

अर्ध्या रत्नागिरीचं रक्त राजश्रीनं काढलंय. मारुती मंदिराजवळच्या लॅबमध्ये ती इतकी वर्षं काम करते की बाजारात माणसं तिला तोंडावरून ओळखत नाहीत, हातावरून ओळखतात. सुई कधी गेली नि कधी आली, कळत नाही. मला तर ती "काकू, ते बघा खिडकीत काय आलंय," म्हणते आणि मी दरवेळी खिडकीकडे बघते. वय झालं तरी अक्कल आली नाही.

मी गोदा. तिची घरमालकीण. माझ्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत ती भाड्यानं राहते. आमची भांडणं पाण्याच्या मोटारीवरून होतात, कपड्यांच्या दोरीवरून होतात आणि तिच्या मांजरावरून होतात, जे तिचं नाही असं ती म्हणते आणि दूध मात्र तीच घालते. पण मला तिच्याशिवाय करमत नाही, हे आत्ताच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारीनं आतल्या गाठीनं गोष्ट सांगितली.

तिचा नवरा लवू आडिवरेकर. नाटे गावचा. मालवाहू जहाजावर सुकाणी आहे, म्हणजे कॅप्टन सांगेल त्या दिशेला जहाज धरून ठेवायचं त्याचं काम. उंच, काळाभोर, बोलायला अगदी कमी. आठ महिने पाण्यावर, मग दोन-अडीच महिने घरी, की पुन्हा मुंबईहून एजंटचा फोन. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण संसार धरून-सोडून चार-पाच वर्षांचाच झाला असेल. मुलगी शमिका त्याला लहानपणी "बोटीवरचे बाबा" म्हणायची, जसे काही दुसरे कुठले बाबा होते. आता ती पुण्याला नर्सिंग शिकते.

दरवेळी जाताना तो म्हणायचा, "ही शेवटची." बहिणीचं लग्न झालं की शेवटची. नाट्याच्या घराचं छप्पर झालं की शेवटची. मग शमिकाचं शिक्षण. मग, "राजी, आपला स्वतःचा घर झाला की येतो कायमचा." राजश्री मान हलवायची. तो गेल्यावर त्याचे दोन शर्ट आठवड्या-दोन आठवड्यांनी उन्हात घालायची, घडी करून परत ठेवायची. न वापरलेले शर्ट कशाला उन्हात घालतेस, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "वास येतो काकू, ठेवून ठेवून." कुठला वास ते मी विचारलं नाही. मोबाइलवर जहाजं दाखवणारं एक ॲप असतं, निळ्या पाण्यात एक इवलासा बाण. रात्रीचं जेवण झालं की ती तो बाण बघायची. "आज श्रीलंकेच्या खाली आहेत," असं सांगायची, जणू काही तो साळवी स्टॉपला उतरलाय नि रिक्षा बघतोय.

दीड वर्षापूर्वी त्यांनी फ्लॅट घेतला. नाचणे रोडच्या पुढे जो उतार लागतो तिथे भिकाजीशेठ नावाच्या बिल्डरची इमारत उभी राहत होती, आईच्या नावानं "सावित्री हाइट्स". राजश्रीनं चौथ्या मजल्यावरचा, लिफ्टला लागून असलेला फ्लॅट मागितला. सगळे लिफ्टपासून लांबचा मागतात, कटकट नको म्हणून. ती म्हणाली, "ह्यांना जमिनीवर झोप लागत नाही काकू. सगळं शांत असलं की उठून बसतात. जरा घरघर असली बाजूला तर बरं." बिल्डरला वाटलं बाईला काही कळत नाही, त्यानं आनंदानं दिला.

आता गृहकर्जाचं मला काय कळणार? पण राजश्रीच्या मागे फिरून फिरून मीही शिकले. बांधकाम चालू असलेल्या घराचे पैसे बँक एकदम देत नाही. जोतं झालं की एवढे, एकेक स्लॅब पडला की एवढे, भिंती, गिलावा, असे टप्पे करारातच लिहिलेले असतात. टप्पा झाला की बिल्डर मागणीपत्र पाठवतो, सोबत आर्किटेक्टचा दाखला. ते घेऊन राजश्री बँकेत अर्ज द्यायची. लवूनं तिला मुखत्यारपत्र करून दिलं होतं, म्हणून दोघांच्या वतीनं तिची सही चालायची. मग बँकेचा इंजिनिअर जागेवर जाऊन बघून यायचा, खरंच तेवढं काम झालंय का. त्याचा अहवाल आला की पैसे थेट बिल्डरच्या त्या इमारतीच्या खात्यात. जेवढे गेले तेवढ्यावरच व्याज. पाच स्लॅबपर्यंत सगळं सुरळीत झालं.

यंदाच्या एप्रिलमध्ये सहावा स्लॅब पडला, मागणीपत्र आलं, राजश्रीनं अर्ज दिला. आणि पैसे गेलेच नाहीत.

एरवी थोडं मागंपुढं झालं तर कुणी मनाला लावून घेतलं नसतं. पण त्याच महिन्यात लवूला एक फोन आला होता. रत्नागिरीत खलाशांना शिकवणारी एक संस्था आहे, तिला दोरखंड, नांगर, सुकाणू हे सगळं हातानं शिकवणारा माणूस हवा होता. पगार बोटीच्या मानानं अर्धासुद्धा नव्हता. पण राजश्रीच्या पगाराला जोड देऊन हप्ता निघाला असता. "एक जूनला हजर झालात तर जागा तुमची," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. लवूचा करार मेअखेर संपत होता. त्या दिवशी राजश्री जिन्यावरून धावत खाली आली आणि माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून नुसतीच हसत होती. मी विचारलं, "काय झालं गो?" तर म्हणाली, "काही नाही, चहा टाका." मी आयुष्यात पहिल्यांदा भाडेकरणीच्या हुकमावर चहा टाकला.

मग बिल्डरचं दुसरं पत्र आलं. पंधरा दिवसांत सहाव्या स्लॅबचे पैसे भरा, नाहीतर व्याज लागेल, आणि तरीही भरले नाहीत तर करार रद्द करण्याची नोटीस निघेल. त्या भागात भाव चढले होते. राजश्रीचा फ्लॅट सुटला असता तर शेठनं तो दुसऱ्याला कितीतरी जास्त भावानं दिला असता, हे रस्त्यावरचं पोरसुद्धा सांगेल.

हे लवूला कळलं आणि तिथून गाडी बिघडली. कंपनी त्याला आणखी तीन महिने थांब म्हणून गळ घालत होती. बदली माणूस नवखा होता, वर बोनस देत होते. उत्तर सोमवारी दुपारपर्यंत कॅप्टनला द्यायचं होतं. बदली माणसाचं विमानाचं तिकीट तोपर्यंत अडवून ठेवलेलं. "बँकेचे नाय गेले तर मी थांबतो," लवू फोनवर म्हणाला. "तीन महिन्यांचे पैसे नि बोनस घालून आपणच भरू. हातचा घर जाता नये."

"आणि संस्थेतली जागा?"

"ती मग जाईल ना. काय करणार."

हे बुधवारचं. त्या रात्री ती फोनवर रडली आणि मला खाली ते ऐकू आलं. मी जिन्यापर्यंत गेले आणि परतले. सकाळी तिला म्हटलं, "लॅबला दांडी मार. आपण पैसे शोधायला जाऊ."

"पैसे काय गाय आहे, शोधायला?"

"गायच समज. कुठल्या तरी दावणीला अडकली असणार."

आधी बिल्डरच्या ऑफिसात गेलो. भिकाजीशेठ स्वतः होते. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, बोलणं लोण्यासारखं. अकाउंट बघणाऱ्या बाईनं संगणकात पाहून सांगितलं की प्रकल्पाच्या खात्यात राजश्रीच्या नावानं काही जमा नाही. "तुमच्या बँकेनं पाठवले असतील तर यूटीआर नंबर आणा," ती म्हणाली. प्रत्येक पाठवणीला एक नंबर असतो म्हणे, तो असला की पैसे कुठे पोचले ते धरता येतं. शेठ म्हणाले, "वहिनी, माझी काही घाई नाही हो. पण माझ्याही डोक्यावर सिमेंटवाला बसलाय." घाई नव्हती तर ते पत्र काय त्यांच्या बैलानं लिहिलं होतं? मी हे मनात म्हटलं नाही, मोठ्यानं म्हटलं. शेठ हसले. असल्या माणसांना हसता फार छान येतं.

तिथून बँकेत. कर्ज विभागात नम्रता नावाची नवीन अधिकारी आली होती, तिशीची, केस वर बांधलेली, समोर फायलींचा डोंगर. आधीचा अधिकारी एप्रिलच्या बदल्यांत चिपळूणला गेला होता. याआधी दोनदा फोनवर राजश्रीला "प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर मिळालं होतं. एकदा तर कुणीतरी "गेले असतील" असंही म्हणालं होतं. मी मनाची तयारी करून बसले की आता हीही तेच म्हणणार. पण तिनं खुर्ची पुढे ओढली.

"आधी तुमचं कर्जखातं बघू," ती म्हणाली. "पैसे बँकेतून निघाले असते तर खात्यावर तेवढं कर्ज चढलं असतं." तिनं पडदा आमच्याकडे वळवला. पाचव्या स्लॅबची नोंद शेवटची. पुढे काही नाही. "म्हणजे निघालेच नाहीत. यूटीआर कुठून असणार? मग अडकले ते निघायच्या आधी." मग अर्जाची फाइल उघडली. शाखेतून ती कर्ज केंद्राकडे गेली होती, तिथे इंजिनिअरच्या अहवालापाशी थांबली होती. केंद्रानं शंका काढून शाखेला विचारलं होतं. ती शंका आधीच्या अधिकाऱ्याच्या नावावर येऊन पडली, तो चिपळूणला, आणि इकडे कुणी उघडून पाहिलीच नव्हती. नम्रताचा चेहरा उतरला. "हे आमचं चुकलं," ती सरळ म्हणाली. बँकेतल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

"शंका काय आहे पण?" राजश्रीनं विचारलं.

"मागणी सहाव्या स्लॅबची आहे. इंजिनिअरनं लिहिलंय, जागेवर पाचच स्लॅब आहेत."

राजश्री माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. तिनं पाचव्याचे पैसे तर फेब्रुवारीतच दिले होते, आणि त्यानंतर एक स्लॅब पडताना आम्ही दोघींनी रस्त्यावर उभं राहून पाहिला होता. त्या दिवशी शेठनं नारळ फोडला, पेढे वाटले. पेढे मी खाल्ले होते. त्यातला खवा शिळा होता, म्हणून चांगले लक्षात होते.

"शेठनं एक स्लॅब खाल्ला की काय," मी म्हटलं.

नम्रतानं तिथूनच इंजिनिअरला फोन लावला. ऋत्विक त्याचं नाव. एक एप्रिलपासून बँकेनं इंजिनिअर बदलले होते, हा नवा. तो ठामपणे म्हणाला की मी स्वतः मोजलेत, पाच आहेत. मग नम्रतानं भिकाजीशेठना लावला. तेही तेवढ्याच ठामपणे म्हणाले, सहा आहेत, आर्किटेक्टचा दाखला आहे. नम्रतानं फोन ठेवला. "उद्या सकाळी सगळे जागेवर येतील," ती म्हणाली. "तुम्हीही या."

शुक्रवारी सकाळी आम्ही पाच जण रस्त्याच्या कडेला माना वर करून उभे राहिलो. ऋत्विक कुठूनही फसवाफसवीचा वाटत नव्हता. हातात मंजूर नकाशाची प्रत होती. तो बोट वर करून मोजत होता. रस्त्याच्या पातळीला पार्किंग, तिथे खांब. त्यावर स्लॅब, एक. मग दोन, तीन, चार, पाच. "आणि हा रस्त्याबरोबरचा तळ म्हणजे जोतं," तो म्हणाला.

"नाही नाही," शेठ म्हणाले. "खालीही पार्किंग आहे. जमीन उतरती आहे ना. त्याचा स्लॅब पहिला. तुम्ही ज्याला तळ म्हणता तोच तो."

"मी तेच विचारलं होतं तुमच्या सुपरवायझरला. नकाशात दोन पार्किंग दिसतात, खालचं दाखवा म्हटलं. तो म्हणाला, ते रद्द केलं, खाली भराव घातलाय. मी तसंच लिहिलं."

शेठचं हसू एकदम आटलं. मी बघत होते ना. ते म्हणाले, "त्याला काही कळत नाही. मी दाखला पुन्हा पाठवतो, नवीन. खाली आत्ता जायला वाट नाही, साप असतात."

नम्रतानं घड्याळाकडे पाहिलं. "वाट नसेल तर स्लॅब मान्य कसा करायचा, शेठ?"

राजश्री या सगळ्यात नव्हतीच. ती इमारतीच्या कोपऱ्याशी जाऊन उभी होती. वाऱ्याकडे तोंड करून. तिचं नाक मला माहीत आहे, लॅबमध्ये स्पिरिटच्या बाटल्या ती बूच न काढता ओळखते. तिनं वळून विचारलं, "इथे आंबे कुठून?"

"कसले आंबे?" शेठ.

"पिकलेला हापूस. खालून येतोय वास."

आणि ती चालू लागली. इमारतीच्या बाजूनं जांभ्याच्या दगडांत खोदलेली पायवाट खाली उतरत होती, तिच्यावरून सरळ. मागोमाग नम्रता, ऋत्विक, मग धापा टाकत मी. शेठ वरूनच "अहो वहिनी, वहिनी" करत होते. साप वगैरे काही नव्हतं. खाली चिऱ्यांची कोरडी भिंत रचलेली होती, पुढे निळी ताडपत्री. रस्त्यावरून बघितलं तर खरंच वाटावं की हा उताराचा बांध आहे. राजश्रीनं ताडपत्री बाजूला केली.

आत सगळा खालचा पार्किंगचा मजला. या टोकापासून त्या टोकापर्यंत गवत पसरलेलं आणि गवतात आंबेच आंबे. अढी घातलेली होती. असा वास की माणसानं तिथेच बसावं. खांबांना टेकून रिकाम्या पेट्यांची थप्पी, कोपऱ्यात वजनकाटा. आणि डोक्यावर साफ, सरळ, पक्का स्लॅब.

ऋत्विकनं वर पाहिलं आणि हळूच म्हणाला, "सहा."

मग शेठना बोलावं लागलं. त्यांचा मेहुणा आंब्याचा व्यापारी. यंदा जागा कमी पडली, मग दीड महिन्यासाठी खालचा मजला त्याला दिला. भाडंही घेतलं असणार, ते त्यांनी सांगितलं नाही. अजून वापराचा दाखला नाही, आत एवढं सुकं गवत, बँकेच्या माणसानं बघितलं तर अहवालात लिहील, या भीतीनं सुपरवायझरला बजावून ठेवलेलं, कुणालाही खाली नेऊ नको. त्यानं शेठची आज्ञा अक्षरशः पाळली. इंजिनिअरला भराव सांगून मोकळा झाला. आपलेच पैसे आपणच अडवून वर राजश्रीला नोटिशीची भीती घालणारा असा शहाणा मी पाहिला नव्हता. आंबे झाकायला गेले आणि स्लॅब झाकला.

मला वाटलं होतं राजश्री चिडेल. ती गवताच्या कडेशी उभी होती. म्हणाली, "शेठ, तुमचे आंबे इथे गवतात सुखानं पिकतायत. आणि माझा माणूस तिकडे पाण्यावर. सोमवारी दुपारी त्यांनी हो म्हटलं की संपलं माझं." आवाज चढला नव्हता. पण शेठ कपाळ पुसायला लागले. मग त्यांना जे ऐकवायचं होतं ते मी ऐकवलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नम्रता मात्र कामाची बाई. तिनं शेठना सांगितलं, आज संध्याकाळपर्यंत हा मजला रिकामा हवा, मोकळ्या मजल्याचे फोटो घेऊनच अहवाल होईल. शिवाय उशीर ग्राहकामुळे झालेला नाही, तेव्हा व्याज लावणार नाही नि नोटीस मागे घेतली, असं लेखी द्या. शेठनी मान डोलावली. मेहुण्याच्या दोन गाड्या आल्या, संध्याकाळपर्यंत अढी उपसली गेली. ऋत्विक परत आला, मोजमापं घेतली, नकाशाशी ताडून पाहिली आणि सुधारलेला अहवाल पाठवला. शनिवार महिन्यातला चौथा, बँक बंद. रविवार तर रविवारच. नम्रता म्हणाली, "सोमवारी उघडल्या उघडल्या मी केंद्राच्या मागे लागते. होईल."

"लवूला कळव," मी घरी येताना म्हटलं, "आत्ताच्या आत्ता."

"नको काकू," राजश्री म्हणाली. "तीनदा सांगितलंय मी त्यांना, आज जातील, उद्या जातील. दरवेळी खोटी पडले. आता पैसे पोचले की एकदमच सांगेन. सोमवारी दुपारपर्यंत वेळ आहे."

मला ते पटलं. पटलं म्हणून गप्प बसले.

ते दोन दिवस ती वेगळीच होती. त्याचे शर्ट काढून इस्त्री केले. मला म्हणाली, "काकू, ते आले की तुम्हाला नव्या घरात आधी मी रक्त काढायला बोलावणार," आणि स्वतःच हसली. मग एकदम, "तुम्ही एकट्या पडाल ना?" मी म्हटलं, पडेन, तुझं मांजर ठेवून जा. खरं सांगते, ती जाऊ नये असं मला वाटत होतं, आणि तो यावा म्हणून मी देवासमोर दिवाही लावत होते. दोन्ही एकाच वेळी.

सोमवारी आम्ही दोघी माझ्या ओटीवर बसलो. अकराच्या सुमारास तिच्या मोबाइलवर संदेश आला, कर्जखात्यातून रक्कम गेली. पाठोपाठ नम्रताचा फोन. आरटीजीएस झालं, यूटीआर नंबर तिनं दोनदा वाचून दाखवला. राजश्रीनं तो शेठच्या ऑफिसला कळवला. पंधरा-वीस मिनिटांत त्या अकाउंटवाल्या बाईचा फोन आला, "जमा झाले ताई, पावती पाठवते." बारा वाजायचे होते. राजश्रीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी तिला एक धपाटा घातला. "फोन लाव आधी."

जहाजावर फोन लागायला वेळ लागतो. लागला. तिनं स्पीकर चालू केला, मी ऐकावं म्हणून.

"पैसे पोचले हो," ती म्हणाली. "सगळे पोचले. आत्ता. तुम्ही कॅप्टनला नाही म्हणून सांगा. या तुम्ही."

पलीकडे नुसती जहाजाची घरघर ऐकू येत होती.

"अहो?"

"राजी, मी कालच सही केली."

"काल? सोमवार दुपार म्हणाला होतात ना."

"काल संध्याकाळी बंदरात लागलो. कॅप्टननं विचारला, मी म्हटला हो सांगून टाकतो. तू बुधवारी रडलीस ना. मला राहवला नाय. म्हटला कशाला तुला आणखी टांगून ठेवायचा. बदलीवाल्याचा तिकीट पण रद्द झाला."

राजश्रीचा हात ओटीच्या फरशीवर होता आणि ती बोटानं एकच रेघ परत परत ओढत होती. मी तिला नाही कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं. तेव्हाही ती मोठ्यानं बोलली नाही.

"मला घर नको होतं," ती म्हणाली. "ऐकताय ना? घर मला नकोच होतं. इथे काकूंच्या वरच्या खोलीत मी जन्म काढला असता. तुम्ही हवे होता मला. तुम्ही दरवेळी घर घर म्हणायचात म्हणून मी त्या बँकेच्या पायऱ्या झिजवल्या. म्हटलं, एकदाचं हे झालं की येतील."

"राजी."

"काय?"

लवू इतक्या हळू बोलला की मी पुढे वाकले.

"मी पण तुझ्यासाठीच करीत होतो गो. मला वाटायचा, तुला घर हवा."